पाटीवरून मुलूख ओळखावा कसा



या व्यासपीठावरून वेदान्तावर, इतिहासावर आणि अर्थशास्त्रावर मोठमोठे लोक बोलून गेले. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले आणि पुढचे शिक्षण ट्रकच्या केबिनमध्ये झाले. क्लीनर म्हणून लागलो, ड्रायव्हर झालो, आणि पुढे मोटार कामगारांची युनियन बांधण्यात उमर गेली. तेव्हा चिटणीसांनी विषय विचारला त्या वेळी आम्ही म्हणालो, "आम्हाला गाडीवरची पाटी तेवढी वाचता येते, तीवर बोलू." त्यांना वाटले आम्ही थट्टा करतो आहोत. पण ती थट्टा नव्हती. फोटोत दिसणारी जागा कोणत्या देशातील आहे हे गाडीच्या नंबरप्लेटवरून पुष्कळ अंशी ठरवता येते, आणि आमच्या कामात ते ठरवण्याची पाळी वरचेवर येते. आज एवढाच विषय आहे.

पाळी का येते, ते आधी सांगतो. आमच्या भागातील तरुण पोरे परदेशी कामाला जातात. एजंट येतो आणि मोबाईलवर फोटो दाखवतो. हे बघ तुझे हॉटेल, हे बघ तुझे गोदाम. पोराने जन्मात मुंबईपलीकडचे काही पाहिलेले नसते. फोटोतला रस्ता स्वच्छ दिसला, गोरी माणसे दिसली की झाले. मग आई गळ्यातले मोडते, बाप जमिनीचा तुकडा गहाण टाकतो. आणि मग यांतला एखादा घरातून उठून आमच्या कचेरीत येतो व म्हणतो, "काका, जरा बघता का, हे खरे आहे का?"

अशाच एका फोटोत आम्ही एकदा चुकलो, आणि ती चूक आम्हाला अजून बोचते. चारएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका पोराला एजंटाने काचगृहात भाजीपाला पिकवण्याचे काम देऊ केले. देश सांगितला हॉलंड. फोटोत काचगृहांची रांग होती, पुढे पाचसात मोटारी उभ्या होत्या आणि सर्वांच्या पाट्या पिवळ्या होत्या. हॉलंडमध्ये मोटारीच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पाट्या पिवळ्या असतात, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही ऐटीत सांगितले, "हॉलंडच आहे, जा." पोराने पैसे भरले. व्हिसा हातात पडला तो विमानाच्या आदल्या दिवशी, आणि त्यावर नाव होते रुमानियाचे. पैसे परत मिळण्याची वाट बंद झाली होती. तो गेला. तेथून त्याने दुपारच्या उन्हात काढलेला फोटो पाठवला. तीच काचगृहे होती, तशाच गाड्या होत्या, आणि पाट्या पांढऱ्या स्वच्छ होत्या. पहिला फोटो संध्याकाळी, रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्याखाली काढलेला होता. दिव्याने पाटी पिवळी केली आणि आम्ही तिला हॉलंडची केली. त्याला सांगितल्यापेक्षा कितीतरी कमी पगार मिळाला. त्याची आई बाजारात भेटली की आम्हालाच मान खाली घालावी लागते.

त्यानंतर आम्ही हा विषय नीट शिकायला घेतला. निरनिराळ्या देशांच्या पाट्यांची चित्रे जमवली, फूटपट्टी घेऊन मापे काढली, आणि एक क्रम ठरवून घेतला. आधी आकार, मग रंग, मग कडेची पट्टी, आणि सर्वांत शेवटी अक्षरे व अंक. लोक नेमके उलटे करतात. ते आधी नंबर वाचायला जातात, तो वाचता येत नाही, आणि मग ते पाटीचा नाद सोडतात. पण चारपाच हातांतून पुढे धाडलेल्या फोटोत नंबर वाचता येतच नाही. जे वाचता येत नाही त्यावर डोळे फोडण्यापेक्षा जे नुसते दिसते त्यापासून सुरुवात करावी.

प्रथम आकार. जगातील मोटारींच्या पाट्या ढोबळमानाने दोन घराण्यांच्या. एक लांबट घराणे आणि दुसरे आखूड, चौकटीसारखे घराणे. युरोपातील नेहमीची पाटी ५२० मिलिमीटर लांब आणि ११० मिलिमीटर उंच असते. म्हणजे लांबी उंचीच्या पावणेपाच पट. अमेरिकेत, कॅनडात आणि मेक्सिकोत पाटी १२ इंच लांब आणि ६ इंच उंच असते, म्हणजे बरोबर दुप्पट. अमेरिकेत हे माप १९५६ सालापासून सर्वत्र रूढ झाले. जपानची पाटी ३३० बाय १६५ मिलिमीटर, म्हणजे तीही दुप्पटच. आपल्याकडची मोटारीची लांब पाटी ५०० बाय १२० ची, म्हणजे चार पटींहून थोडी अधिक.

आता फोटोवर फूटपट्टी ठेवायची. पाटी पडद्यावर मोठी करायची, तिची लांबी आणि उंची मोजायची आणि एकीला दुसरीने भागायचे. एवढे गणित चौथीच्या पोराला येते. पण यात एक खोच आहे, ती ध्यानात ठेवली पाहिजे. गाडी तिरकी उभी असेल तर पाटीची लांबी आखडते, उंची मात्र जवळपास तशीच राहते. वहीचा पुठ्ठा डोळ्यांसमोर धरून जरा फिरवून पाहा, म्हणजे कळेल. याचा अर्थ असा, की लांब पाटी तिरकेपणामुळे आखूड दिसू शकते, परंतु आखूड पाटी तिरकेपणामुळे कधीही लांब दिसत नाही. फोटो गच्चीवरून, उंचावरून काढला असेल तर उंची दबते आणि पाटी थोडी अधिक लांबट वाटते, तेवढी सूट ठेवावी. पण रस्त्यावर उभे राहून काढलेल्या फोटोत माप साडेचार पट आले तर ती पाटी लांबट घराण्याची, यात शंका नाही. दुप्पट आले तर मात्र लगेच अमेरिका म्हणू नये. गाडी सरळ उभी आहे की तिरकी हे आधी पाहावे. शिवाय युरोपातही काही गाड्यांच्या मागे जागा कमी असते म्हणून दोन ओळींची आखूड पाटी लावतात. तेव्हा एका गाडीवर न थांबता चार गाड्या मोजाव्यात.

दुसरा रंग. येथेच आम्ही ठेच खाल्ली, म्हणून थोडे सावकाश सांगतो. रंगाने देश पटकन कमी होतात. पुढे पांढरी आणि मागे पिवळी पाटी असेल तर ती इंग्लंडची चाल. हाँगकाँगसारख्या इंग्रजांच्या जुन्या वसाहतींतही ती चाल दिसते. दोन्हीकडे पिवळी असेल तर युरोपात मुख्यतः हॉलंड नाहीतर लक्झेंबर्ग. पांढऱ्यावर लाल अक्षरे असतील तर बेल्जियम. आपल्या शेजारी नेपाळात खाजगी मोटारीची पाटी लाल आणि तिच्यावर पांढरी अक्षरे, आणि भूतानातही तीच तऱ्हा. पण नेपाळच्या कित्येक पाट्यांवर आपलीच देवनागरी अक्षरे असतात, भूतानच्या पाटीवर रोमन. आणि एकच रंग दोन देशांत दोन गोष्टी सांगतो. आपल्याकडे पिवळी पाटी म्हणजे भाड्याची गाडी, जपानात पिवळी पाटी म्हणजे छोट्या इंजिनाची गाडी. तेव्हा पिवळी दिसली एवढ्यावरून काही म्हणू नये. सगळ्या गाड्यांच्या पिवळ्या आहेत, की काहींच्याच, हे पाहावे.

आणि रंग ठरवण्याआधी फोटोतील उजेड ओळखावा. त्याला उपाय सोपा आहे. त्याच फोटोत जी वस्तू खात्रीने पांढरी असते ती शोधायची. रस्त्यावरचे पादचाऱ्यांचे पट्टे असतील, कुणाचा सदरा असेल, कागद असेल. ती वस्तूही पिवळी दिसत असेल तर पाटीचा पिवळा रंग दिव्याचा आहे. त्या काचगृहाच्या फोटोत जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या रेघा होत्या, आणि त्याही पिवळ्याच दिसत होत्या. फोटो आमच्याजवळ अजून आहे. रेघा तेव्हाही होत्या, फक्त आम्ही त्यांच्याकडे पाहिले नाही.

तिसरी गोष्ट कडेची निळी पट्टी. युरोपीय संघाने १९९८ साली नियम केला, की पाटीच्या डाव्या टोकाला उभी निळी पट्टी असावी, तिच्यावर बारा पिवळ्या ताऱ्यांचे कडे असावे आणि खाली देशाची खूण असावी, म्हणजे एका देशातून दुसऱ्यात जाताना गाडीला वेगळी चकती चिकटवावी लागत नाही. काही देशांनी त्याच्या आधीच ही तऱ्हा उचलली होती. पुढे संघाबाहेरच्या देशांनीही पाहून पाहून निळी पट्टी घेतली, मात्र तारे घेतले नाहीत. तुर्कस्तानची पट्टी निळी, पण कोरी, आणि खाली टीआर ही अक्षरे. सर्बियाचीही निळी. तेव्हा निळी पट्टी दिसली म्हणजे युरोपीय संघ, हा समज चुकीचा आहे. आमच्या पाहण्यात एजंट लोक याच समजावर जगतात.

फोटो लांबून असला की तारे दिसत नाहीत, अक्षरे दिसत नाहीत, पण निळा डाग दिसतो. आणि तो डाग एका टोकाला आहे की दोन्ही टोकांना, हेही दिसते. बहुतेक देशांत तो फक्त डाव्या टोकाला असतो. दोन्ही टोकांना निळे असलेले देश थोडे, आणि त्यांत मोठे दोन, इटली आणि फ्रान्स. तिसरा लहान देश आहे, त्याचे नाव अल्बानिया. हा इटलीच्या समोर, समुद्राच्या पलीकडच्या काठावर आहे. या तिघांच्या नंबराची घडणही एकच आहे. आधी दोन अक्षरे, मग तीन अंक, मग पुन्हा दोन अक्षरे. इटलीने ही घडण १९९४ साली घेतली, फ्रान्सने २००९ साली आणि अल्बानियाने २०११ साली. तीन देशांची पाटी सख्ख्या भावंडांसारखी. आणि नेमका असाच पेच आमच्यापुढे आला. तो आता पहिल्यापासून सांगतो.

गेल्या वर्षी एक मायलेक कचेरीत आले. पोरगा खानावळीत स्वयंपाकाला मदतनीस होता. एजंटाने त्याला इटलीत समुद्रकाठच्या हॉटेलात काम देऊ केले होते. एकंदर मागणी चार लाखांची, त्यांतले चाळीस हजार देऊन झाले होते. आई म्हणाली, "भाऊ, बाकीचे सोमवारी द्यायचेत. सोनाराकडे बोलून ठेवलंय." पोराने फोटो दाखवला. चार मजली हॉटेल, पुढे रस्ता, बाजूला समुद्र, आणि सहा गाड्या. आम्ही पहिली गोष्ट ही केली, की एजंटाकडून मूळ फोटो मागवायला लावला, कारण पुढे पुढे धाडलेला फोटो दर खेपेस अधिक पुसट होतो. तो आल्यावर कचेरीतील संगणकावर मोठा करून पाहिला.

हॉटेलच्या दाराशी एक पांढरी व्हॅन होती, तोंड आमच्याकडे करून अगदी सरळ उभी. तिच्या अंगावर हॉटेलचेच नाव रंगवलेले होते. पुढची पाटी मोजली. लांबी ४६ मिलिमीटर, उंची १०. म्हणजे साडेचार पटींहून अधिक. लांबट घराणे. रंग पांढरा. दुपारचे ऊन होते आणि हॉटेलची भिंतही पांढरीच दिसत होती, तेव्हा रंगात फसगत नव्हती. इंग्लंड गळले नाही, कारण तेथेही पुढची पाटी पांढरीच असते, पण हॉलंड आणि लक्झेंबर्ग गळले. मग कडा पाहिल्या. दोन्ही टोकांना निळे. इंग्लंडही गेले. उरले इटली, फ्रान्स आणि अल्बानिया.

पोरगा खूश झाला. "म्हणजे इटली असू शकेल ना, काका?"

आम्ही म्हणालो, "थांब. अजून फूटपट्टी खाली ठेवलेली नाही."

कारण इटलीच्या पाटीत एक खुबी आहे. तेथे मागची पाटी ५२० मिलिमीटर लांब असते, पण पुढची पाटी आखूड असते, ३६० मिलिमीटरची. उंची दोहोंची ११०. म्हणजे इटलीच्या गाडीची पुढची पाटी उंचीच्या सव्वातीन पटींच्या आसपास भरते. आणि आमच्यासमोर व्हॅनचा पुढचा भाग होता, आणि माप होते साडेचार पटींच्या वर. आता मघाचा पुठ्ठा आठवा. तिरकेपणाने पाटी आखूड होते, लांब होत नाही. सव्वातीन पटींची पाटी रस्त्यावरून काढलेल्या फोटोत साडेचार पट दिसू शकत नाही. म्हणजे नंबरातले एक अक्षरही न वाचता ती व्हॅन इटलीची नाही हे ठरले.

पोराचा विश्वास बसेना. त्याने शेजारच्या मोटारीवर बोट ठेवले. "ही बघा ना, हिची आखूड आहे." मोजली, ३४ आणि १०. खरेच, बरोबर इटलीच्या मापाची. पण ती मोटार तिरकी लावलेली होती, तिचे एक दारही दिसत होते. लांब पाटी तिरकी झाली की सव्वातीन पटींची दिसणारच. ती पाटी इटलीची असू शकते आणि नसूही शकते, म्हणून तिची साक्ष घ्यायची नाही. जी गाडी सरळ उभी आहे तिचीच साक्ष घ्यायची. सरळ उभी अशी आणखी एक मोटार होती, तिचे माप व्हॅनसारखेच आले.

आता फ्रान्स की अल्बानिया? फ्रान्सच्या पाटीवर अक्षरे आणि अंक यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतात. पण पुसट फोटोत रेघ नाहीशी होते, म्हणून रेघ दिसत नाही यावर आम्ही भिस्त ठेवली नाही. उजवीकडची निळी पट्टी पाहिली. फ्रान्समध्ये त्या पट्टीवर प्रदेशाचे चिन्ह आणि जिल्ह्याचा क्रमांक असलाच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे लांबूनही तिथे पांढरेपणा डोळ्यांत भरतो. इटलीत उजव्या पट्टीवर वर पिवळ्या रंगात सालाचे दोन अंक आणि खाली पांढऱ्यात प्रांताची खूण असते, मात्र ती लावणे मालकाच्या मर्जीवर आहे. आमच्या फोटोत व्हॅनची आणि तीन मोटारींची उजवी पट्टी कोरी निळी होती. चारांपैकी एकीवरही पांढरा ठिपका नाही. फ्रान्स गेला.

शेवटी नंबराकडे वळलो. दोन पाट्यांचे पहिले अक्षर स्पष्ट वाचता आले. दोन्हींवर ए. इटलीत ए अक्षरापासून सुरू होणारे क्रमांक १९९४ पासून दिले गेले, आणि त्या पाट्यांवर कडेच्या निळ्या पट्ट्या नव्हत्या. पट्ट्या आल्या १९९९ साली, तोवर ए ची पाळी उलटली होती. अल्बानियात मात्र २०११ साली ए पासूनच आरंभ झाला आणि पट्ट्या पहिल्या दिवसापासून दोन्हीकडे. म्हणजे दोन्हीकडे निळे आणि आरंभी ए, ही जोडी इटलीच्या मोटारीवर बसत नाही, अल्बानियाच्या मोटारीवर बसते. फूटपट्टीने जे सांगितले तेच अक्षराने सांगितले. दोन वेगळ्या वाटांनी एकाच घरी पोचलो की मन निश्चिंत होते.

आम्ही तेथेही थांबलो नाही. पाटीचा निकाल दुसऱ्या पुराव्याने तपासून घ्यावा असा आता आमचा नियम आहे. व्हॅनच्या दारावर दूरध्वनीचा क्रमांक होता. त्याचे पहिले तीन आकडे ३५५, म्हणजे अल्बानियाचा संकेतांक. इटलीचा ३९ आहे. हॉटेलच्या फलकावर ई या रोमन अक्षरावर दोन टिंबे दिलेले शब्द होते. अल्बानियाच्या भाषेत ते अक्षर पावलोपावली येते, इटालियन भाषेत येत नाही. मग गूगलच्या नकाशावर रस्त्यांची जी चित्रे असतात त्यांत अल्बानियाच्या किनाऱ्यावरचे गाव उघडून पाहिले. तेथे गाड्यांचे नंबर मुद्दाम पुसट केलेले असतात, पण पुसट केलेल्या पाटीच्याही दोन्ही टोकांचा निळा राहतो. रस्ताभर तेच दिसत होते.

सोमवारी एजंट आला. मोठा हुशार माणूस. त्याने फोटोतली सहावी गाडी दाखवली. ती रस्त्याने जात होती, तिची मागची पाटी दिसत होती, आणि उजव्या पट्टीवर पिवळे अंक आणि पांढरी अक्षरे होती. तो म्हणाला, "ही बघा की साहेब, इटलीची गाडी!" आणि त्याचे म्हणणे खरे होते. ती गाडी इटलीचीच होती.

येथे या सगळ्या विद्येची मर्यादा लागते. पाटी गाडीचा देश सांगते, जागेचा देश सांगत नाही. गाडीला चाके असतात. इटलीच्या बारी बंदरातून अल्बानियाच्या दुरेस बंदरात मोटारी घेऊन जाणारी जहाजे चालतात, आणि समुद्रकाठच्या हॉटेलापुढे परमुलखातील पाहुण्याची गाडी असणे यात नवल काय? म्हणून एका गाडीवरून देश ठरवू नये. किती गाड्या काय सांगतात ते मोजावे, आणि त्यांतही ज्या गाड्या गावाबाहेर जात नाहीत त्यांची साक्ष वजनदार मानावी. कचरागाडी, गावची बस, टॅक्सी, दुकानाची किंवा हॉटेलची स्वतःची व्हॅन. मालट्रकची साक्ष सर्वांत हलकी. आम्ही स्वतः ट्रकवर होतो, आमची पाटी महाराष्ट्राची आणि आम्ही आठवडाभर असायचो गुजरातेत नाहीतर कर्नाटकात. आमच्या ट्रकचा फोटो काढून कुणी हुबळीला महाराष्ट्र म्हटले असते तर?

आणखी दोन फसगती सांगून ठेवतो. काही लोक मोबाईलवर फोटो उलटा करतात, आरशातल्यासारखा. मग डावीकडची निळी पट्टी उजवीकडे जाते. अक्षरे उलटी दिसत असतील तर प्रश्न नाही, पण ती वाचण्याजोगी नसतील तर दुकानाचा फलक, नाहीतर चालक कोणत्या बाजूला बसला आहे, हे पाहून खात्री करावी. दुसरी गोष्ट, फोटो जुना असू शकतो. पाट्यांचे नियम बदलतात. इंडोनेशियात काळ्या पाट्या होत्या, २०२२ पासून त्या पांढऱ्या होऊ लागल्या. तेव्हा आजच्या नियमाने कालचा फोटो वाचला तर चूक होते. पण याचा उपयोगही होतो. जुन्या तऱ्हेच्या पाट्याच सर्वत्र दिसत असतील तर 'परवाच काढलेला फोटो' हे एजंटाचे बोलणे खोटे ठरते.

तर त्या एजंटाला आम्ही म्हणालो, "सहांतली एक गाडी इटलीची. हॉटेलची व्हॅन कुठली?" मग त्याने सूर बदलला. म्हणाला, "आधी तिथे सहा महिने, मग बोटीने इटली." आम्ही पोराला समजावून दिले, की अल्बानिया युरोपीय संघात नाही आणि त्याच्या परवान्यावर इटलीत उतरून काम करता येत नाही. तो पलीकडे गेला तर चोरून राहणारा ठरेल, आणि चोरून राहणाऱ्याला पगार बुडाला तर फिर्याद करणे फार अवघड जाते.

पोराने त्यावर जो प्रश्न विचारला तो आम्हाला आवडला. "काका, मग अल्बानियालाच जायला काय हरकत आहे?"

हरकत काहीच नाही. तोही एक देश आहे, तेथेही हॉटेले चालतात, तेथेही माणसे घाम गाळून पोट भरतात. हरकत खोट्या नावाला आहे. कराराच्या कागदावर जो देश असेल त्याचाच कायदा कामगाराच्या पाठीशी उभा राहतो, त्याच्याच चलनात पगार ठरतो, आणि अडचण आली तर त्याच देशासाठी नेमलेल्या आपल्या वकिलातीचे दार ठोठवायचे असते. देशाचे नाव खोटे असेल तर या तिन्ही गोष्टी हवेत. आम्ही एजंटाला म्हणालो, "कागदावर अल्बानिया लिहा, हॉटेलचे नाव लिहा, पगार लिहा, आणि तुमचा नोंदणी क्रमांक लिहा. पोरगा आनंदाने जाईल." त्याने कागद लिहिला नाही. पुढे फोन उचलणेही थांबवले. चाळीस हजारांपैकी वीस हजार खटपट करून परत मिळाले, वीस गेले. आईचे सोने मात्र सोनाराच्या दुकानातून घरी परत आले. पोरगा अजून खानावळीत आहे आणि बाहेर जायचे म्हणतोच आहे. जाईलही, आमची ना नाही.

त्या दिवसापासून आमच्या कचेरीच्या टेबलावर एक फूटपट्टी आणि पाट्यांच्या चित्रांची एक वही ठेवलेली असते. सभासदांची पोरे येतात, स्वतःच मोजतात. परवा एकाने फोटो आणला आणि आम्ही तोंड उघडण्याआधी विचारले, "काका, यात पांढरे खात्रीचे काय धरायचे?" त्याला काचगृहाची गोष्ट कुणीतरी सांगितली असावी. आम्ही त्याला रस्त्यावरचे पट्टे दाखवले.

आपल्यापैकी कुणाच्या घरी असा फोटो आला असेल तर सोमवार ते शनिवार, संध्याकाळी सहानंतर कचेरी उघडी असते. येताना पुढे पुढे धाडलेला फोटो आणू नये, मूळ फोटो मागवून आणावा. आणि पैसे देण्याच्या आधी यावे, नंतर नको.